चाचणीसाठी बेळगावकडची नावं: सभासद नोंदवहीच्या कामातल्या नोंदी

९ जून

सोसायटीच्या सभासद नोंदवहीचं सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात टेस्टिंगला जायचं आहे. सध्या टेस्ट डेटाबेसमध्ये "Test User 1" पासून पुढे नुसते आकडे वाढत गेलेत. फॉर्म त्यावर पास होतो, पण शोध, यादीचा क्रम, दुबार नोंद पकडणं, पासबुकावर नाव मावणं यातलं काहीच तपासलं जात नाही. खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीचे क्लार्ककाका गेल्या आठवड्यात स्क्रीन बघून म्हणाले, "हे कोण रे सगळे? यात आमच्यातला एकबी दिसंना."

खरी सभासद यादी मागायचा प्रश्नच नाही. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, आणि तो नसता तरी लहान गावातली यादी झाकून झाकली जात नाही. नाव बदललं तरी आडनाव, गाव आणि जन्मतारीख एका ओळीत आली की ते घर कोणतं ते गावातला कोणीही सांगेल. तेव्हा नावं आपणच तयार करायची.

तयार लायब्ररीत en_IN चा पर्याय आहे. त्यातून भारतभरच्या नावांची सरमिसळ येते, तीही रोमन लिपीत, आणि मुख्य अडचण म्हणजे येतं ते नाव आणि आडनाव एवढंच. आपल्याकडे मधलं नाव नसलेला माणूस सोसायटीच्या कागदावर अर्धाच. म्हणून जनरेटर हातानेच लिहायचा ठरलं. अट दोन बाजूंची आहे: स्त्री-पुरुष आणि आडनावांचे प्रकार समसमान हवेत, आणि तरी यादी वाचणाऱ्याला ती इथलीच वाटली पाहिजे.

१० जून

आडनावांचे प्रकार कशावरून पाडायचे यावर सकाळ गेली. पहिली सूचना जातीवरून अशी आली, ती मी लगेच बाजूला ठेवली. एक तर टेस्ट डेटामध्ये जातीचा रकाना कशाला हवा, आणि दुसरं म्हणजे ते जमतही नाही. पाटील घ्या. मराठा, लिंगायत, जैन, सगळ्यांत पाटील आहेत, आणि घरात मराठी बोलणारे आहेत तसे कन्नड बोलणारेही. इनामदार आणि देसाई हेही एका धर्माचे नाहीत. आडनावावरून जात ओळखणारा प्रोग्रॅम इथे रोज तोंडावर पडेल.

म्हणून आडनाव दिसतं कसं आणि आलं कुठून यावरूनच पाच गट केले. गावावरून पडलेली, शेवटी कर असलेली: हलगेकर, किणेकर, धामणेकर, सांबरेकर, येळ्ळूरकर. वतनाची आणि पदाची: पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले, नाईक. कसबाची: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी. कुळाची: जाधव, मोरे, शिंदे, पवार, चव्हाण. पाचवा गट कन्नड वळणाचा: हिरेमठ, अंगडी, हुक्केरी, मुनवळ्ळी, नाडगौडा. ही आडनावं घरात कोणतीही भाषा बोलणाऱ्यांची असू शकतात, आणि सीमाभागातली सोसायटी म्हटली की ती यादीत असतातच.

पाचव्या गटातली हुक्केरी आणि मुनवळ्ळी ही गावंच आहेत. तिकडच्या पद्धतीत गावाचं नाव जसंच्या तसं आडनाव होतं, कर लागत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने याला महत्त्व आहे, कारण आडनावाच्या रकान्यात "हुक्केरी" आणि गावाच्या रकान्यातही "हुक्केरी" अशी ओळ आली की आयात करणारी स्क्रिप्ट रकाने सरकलेत असं समजून ती फेकते की काय, हे बघता येतं. अशी निदान एक ओळ प्रत्येक संचात मुद्दाम ठेवायची.

१२ जून

कर आडनावं नियमाने तयार करावीत असा मोह होतो. गावांची यादी आहे, शेवटी कर जोडला की झालं. पण तसं होत नाही. हलगा, सांबरा, होनगा यांचं हलगेकर, सांबरेकर, होनगेकर होतं, म्हणजे शेवटच्या आ चा ए. धामणे मुळातच एकारान्त, ते तसंच राहतं. उचगाव आणि येळ्ळूर यांना नुसता कर लागतो. इथवर नियम लिहिता येईल, पण ईकारान्त गावांपाशी तो अडतो. कंग्राळीचे कंग्राळकर, बेळगुंदीचे बेळगुंदकर, इथे ई गळते. निपाणीचे मात्र निपाणीकर. यात कोणता नियम आहे ते शोधत बसण्यापेक्षा यादी हाताने टाइप करणं परवडतं. चाळीसएक आडनावं पुरतात.

१६ जून

समतोलाचा सांगाडा आज उभा राहिला. दोन लिंगं आणि पाच प्रकार मिळून दहा खाने. हजार ओळींचा संच हवा असेल तर प्रत्येक खान्यात शंभर. खान्यांची संख्या पक्की, आणि खान्याच्या आत मात्र वजनी निवड. पाटील आणि देशपांडे एकाच खान्यात असले तरी गावात दोघांची घरं सारखी नसतात.

```python
rng = random.Random(1956)

def pick(pool):
    return rng.choices(list(pool),
                       weights=list(pool.values()))[0]

for sex in ("M", "F"):
    for kind in SURNAMES:
        for _ in range(100):
            rows.append(make(sex, kind))
rng.shuffle(rows)
```

सीड १९५६ का ठेवला हे इथल्या माणसाला सांगावं लागू नये.

शेवटची shuffle ची ओळ क्षुल्लक वाटते, पण ती नसली तर सभासद क्रमांक १ ते १०० सगळे कर-वाले पुरुष येतात. टेस्टर पहिल्या पानावरच्या वीस ओळी बघते, आणि तिला एकच प्रकार दिसतो.

नावं Python च्या set मध्ये ठेवायची नाहीत, dict मध्येच. set मधल्या शब्दांचा क्रम प्रोग्रॅम दर वेळी नव्याने चालू केला की बदलू शकतो. मग सीड तोच असूनही काल आलेली यादी आज येत नाही, आणि टेस्टरने "सभासद २१७ ला अडलं" असं कळवलं तर आपल्याकडे २१७ वर भलताच माणूस असतो. dict घातलेला क्रम सांभाळतो. तरीही यादीत एखादं नाव वाढवलं किंवा वजन बदललं की पुढचं सगळं सरकतं, म्हणून सीडच्या जोडीला याद्यांचा आवृत्ती क्रमांकही प्रत्येक संचावर लिहायचा.

१८ जून

पहिल्या नावांच्या याद्या. लिंग आधी ठरतं आणि नाव त्यावरून येतं, उलटं कधीच नाही. नावावरून लिंग ओळखायचा कोड आयातीच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये सापडला, शेवटी ई किंवा आ असेल तर स्त्री असा. मारुती, परश्या आणि भरमा तिघेही त्यात बाया झाले. ते काढून टाकायला सांगितलं आहे.

किरण, स्नेहल आणि शीतल ही नावं दोन्ही याद्यांत घातली. शीतल पुरुषांच्या यादीत बघून पुण्याहून काम करणाऱ्या सहकाऱ्याने शंका काढली. त्याला म्हटलं, निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत जाऊन ये. शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर, त्यांच्यावरून मुलाचं नाव शीतल ठेवतात.

इथली खरी ओळख जुन्या नावांत आहे. यल्लाप्पा, मल्लाप्पा, नागाप्पा, कल्लाप्पा, निंगाप्पा. घरात मराठी, गावात मराठी, भजन मराठी, आणि नावाला आप्पा. सौंदत्तीच्या यल्लम्मामुळे यल्लाप्पा, यल्लव्वा, रेणुका आणि परशराम ही चार नावं तर कोणत्याही गावच्या यादीत सापडतील. नुसती कोल्हापूर-सांगलीची यादी उचलली असती तर हे सगळं निसटलं असतं.

प्रत्येक लिंगाच्या तीन याद्या केल्या, जन्मसालानुसार: १९६० च्या आधीचे, १९६० ते १९८४ आणि १९८५ पासून पुढचे. नावं एका यादीतून दुसरीत एकदम उडी मारत नाहीत. मारुती तिन्हीत आहे, फक्त वजन उतरत जातं. प्रथमेश आणि ओंकार शेवटच्या यादीतच. सुनंदा, शोभा, रेखा मधल्या यादीत जड, शेवटच्या यादीत जवळजवळ नाहीत. ही वजनं आम्ही अंदाजाने ठरवलेली आहेत, शिरगणतीवरून नाही, आणि तसं फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं आहे. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी ते आकडे खरे समजून अहवालात घालील.

२३ जून

आज मधलं नाव. अख्ख्या कामाचा जीव इथे आहे.

सुरुवातीला मधलं नाव पुरुषांच्या सगळ्या याद्या एकत्र करून कुठूनही उचललं जात होतं. आउटपुट असं आलं: मल्लव्वा प्रथमेश मोरे, जन्म १९५१. ओळीतला एकेक शब्द बरोबर, पण अशी बाई जगात नाही. तिचा बाप प्रथमेश नसणार आणि नवराही नसणार. टेस्ट डेटा बनावट दिसतो तो असाच, एकेका रकान्यात नाही तर दोन रकान्यांमधल्या नात्यात.

मधलं नाव म्हणजे दुसऱ्या माणसाचं पहिलं नाव. त्या माणसालाही जन्मसाल आहे. पुरुषाच्या आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत तो बाप, म्हणजे एक पिढी मागे. विवाहित बाईच्या बाबतीत तो नवरा, म्हणजे जवळपास तिच्याच वयाचा, थोडा थोरला. म्हणून आधी त्या माणसाचं साल काढायचं आणि मग त्या सालाच्या यादीतून नाव उचलायचं.

```python
def middle(sex, birth, married):
    if sex == "F" and married:
        year = birth - rng.randint(2, 6)
    else:
        year = birth - rng.randint(22, 34)
    return pick(MALE[bucket(year)])
```

एक उदाहरण हाताने चालवून बघितलं. बाई १९९२ ची. लग्न झालेलं नसेल तर बापाचं साल १९५८ ते १९७० मध्ये पडतं, म्हणजे पहिली किंवा मधली यादी: पूजा यल्लाप्पा, पूजा सुरेश. लग्न झालं असेल तर नवरा १९८६ ते १९९० चा, शेवटची यादी: पूजा सूरज, पूजा किरण. एकाच बाईच्या दोन नावांत मधे पूर्ण पिढीचा फरक पडला. खऱ्या यादीतही नेमकं हेच दिसतं. तरुण पुरुषांच्या मधल्या नावात आप्पा सापडतात, तरुण सुनांच्या मधल्या नावात सहसा नाहीत.

यातून लगेच पुढचं काम निघालं. विवाहित बाईचं आडनाव सासरचं, तेव्हा समतोलाच्या खान्यात तेच मोजायचं. पण माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात हवं, कारण सोसायटीत रोजची भांडणं तिथलीच. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, आणि ठेव कोणत्या तरी तिसऱ्याच स्पेलिंगची. म्हणून विवाहित बाईच्या ओळीला माहेरचं मधलं नाव आणि माहेरचं आडनाव स्वतंत्र निवडून जोडलं. माहेरचं आडनाव पाचही गटांतून कुठूनही येऊ शकतं, त्याला कोटा नाही. जुन्या पिढीत काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलायचे, तेव्हा १९६० च्या आधीच्या थोड्या ओळींत तेही बदललं.

वारसदाराचा रकाना आपोआप सुटला. विवाहित बाईने वारस म्हणून नवरा दिला असेल तर वारसाचं पहिलं नाव तिच्या मधल्या नावाशी जुळलंच पाहिजे. आधी ते वेगळं निवडलं जात होतं, म्हणजे पूजा सूरज हिचा नवरा ओंकार. टेस्टर हसली, म्हणाली, "अहो, असलं सोसायटीत दाखवू नका, घरं मोडतील."

अजून एक अट: बाप-लेकाचं नाव एकच नको. मारुती मारुती जाधव अशा ओळी येत होत्या. मधलं नाव पहिल्या नावासारखंच निघालं तर पुन्हा उचलायचं, पण फक्त पुरुषांच्या ओळीत. बाईच्या बाबतीत किरण किरण पाटील हे शक्य आहे, दोघांचं नाव किरण असलेलं जोडपं असू शकतं. ती ओळ राहू दिली.

२६ जून

खानापूरला गेलो होतो. यादीचा नमुना छापून क्लार्ककाकांपुढे ठेवला. चष्मा वर करून त्यांनी बोट फिरवत वाचली. "हां, आता माणसं वाटताहेत," म्हणाले आणि लगेच विचारलं, "पण यात आजा-नातू कुठाहेत?"

मुद्दा असा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत इकडे जुनी आहे. एका घरात ती दोन वेळा पाळली की काय होतं ते काकांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. आजोबा मारुती यल्लाप्पा पाटील, जन्म १९४६. त्यांचा मुलगा यल्लाप्पा मारुती पाटील, जन्म १९७१. त्याचा मुलगा पुन्हा मारुती यल्लाप्पा पाटील, जन्म १९९७. नाव, मधलं नाव, आडनाव, गाव, घर नंबर, सगळं एक. फरक फक्त जन्मतारखेत. आजोबा मयत, खातं बंद करायचं राहिलेलं, आणि नातू नवीन सभासद व्हायला आलाय.

आमचं दुबार नोंद पकडणारं फंक्शन नाव आणि गाव जुळवतं. त्याने या नातवाला आजोबांच्या खात्यात बसवलं असतं, शेअर आणि कर्जासकट. सुटी माणसं तयार करणाऱ्या जनरेटरमधून ही केस नेमकी जुळून येणं जवळपास अशक्य, कारण घर नंबर आणि पिढ्यांचं अंतर दोन्ही योगायोगाने जुळावं लागेल. ती घरातूनच येते.

तेव्हा आता वेगळं फंक्शन: तीन पिढ्यांचं एक घर. पणजोबांचं नाव धरून सुरू करायचं, प्रत्येक पिढीत २२ ते ३४ वर्षं पुढे जायचं, आणि काही घरांत नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. असं घर निवडलं की पिढीची यादी मुद्दाम बाजूला ठेवावी लागते, म्हणजे १९९७ चा मारुती चालतो, तसा १९९७ चा नागाप्पाही. मधल्या माणसाची ओळ, यल्लाप्पा मारुती, हीही कामाची निघाली. नाव आणि मधलं नाव उलटलेलं असलं तरी तोच माणूस समजणारा "हुशार" शोध बाप-लेकाला एक करतो.

काकांनी आणखी एक सांगितलं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या मुलाला घरात बाळू किंवा पिंटू म्हणतात, आणि ते पुढे कागदावरही चढतं. "मारुती उर्फ बाळू" असं खत येतं. तेव्हा आजोबांचं नाव मिळालेल्या काही नातवांना उर्फ लावलं. उर्फ ठेवायला स्कीमात रकानाच नाही, ते पहिल्या नावाच्या रकान्यात टाइप होणार आणि शोध तिथे अडणार. हा रकाना मागून घेतला आहे.

३० जून

आता वजनं आणि दुबार नावं. टेस्टरची तक्रार: पदाच्या खान्यात पाटील ४० ठेवले होते, आले ४६, म्हणजे जनरेटर चुकला. चुकलेला नाही. शंभर वेळा ४० टक्क्यांचा डाव टाकला तर पाचएक इकडे-तिकडे होणं रोजचं आहे, तीस ते पन्नासमध्ये काहीही आलं तर गप्प बसायचं. साठ आले तर मात्र वजनांची फाइल उघडून बघायची. नेमके ४० च हवेत असतील तर ती वजनी निवड नव्हे, तो आणखी एक कोटा झाला, आणि मग यादी पुन्हा कृत्रिम दिसायला लागते.

दुबार नावं किती येतील हे आधी काढता येतं. पदाच्या पुरुषांचा खाना घेतला. वजनं: पाटील ०.४०, देसाई ०.२०, चौगुले ०.१५, कुलकर्णी ०.१०, नाईक ०.१०, देशपांडे ०.०५. दोन माणसांचं आडनाव एकच निघण्याची शक्यता म्हणजे या प्रत्येकाचा वर्ग करून केलेली बेरीज, ०.२४५. सहा आडनावं सारख्या वजनाची असती तर ती ०.१६७ आली असती. पाटलांमुळे ती वाढली. पहिली नावं ३० सारख्या वजनाची धरली आणि मधलीही ३० धरली, तर पूर्ण नाव जुळण्याची शक्यता ०.२४५ भागिले ९००. शंभर माणसांच्या ४,९५० जोड्या होतात. गुणाकार केला तर साधारण १.३ जोड्या दुबार. म्हणजे त्या खान्यात एखादं नाव बहुधा दोनदा येईल.

हजार ओळींपर्यंत हे बरं आहे, गावात असतंच. पण लोड टेस्टसाठी दहा हजारांचा संच मागितला आहे. खाने तसेच धरले तर खान्यात हजार माणसं, जोड्या ४,९९,५००, आणि दुबार सुमारे १३६. ओळी दहापट केल्या की दुबार जोड्या शंभरपट होतात. याद्या तेवढ्याच ठेवून नुसत्या ओळी वाढवत नेलं तर गाव भरेल, पण एकाच नावाच्या माणसांनी. दहा हजारांसाठी पहिल्या नावांच्या याद्या दुप्पट केल्या. नाव आणि मधलं नाव दोन्ही त्याच याद्यांतून येत असल्याने दुबार एक चतुर्थांश झाले.

एका मॉड्यूलमध्ये पूर्ण नाव आणि गाव मिळून UNIQUE ची अट निघाली. या संचाने ती पहिल्याच आयातीत तोडली. "Test User 1" ने ती कधीच तोडली नसती.

३ जुलै

लिपीच्या दोन जोड्या संचात कायमच्या घातल्या, वजनाबाहेर.

पहिली: येळ्ळूरकर आणि येवले. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणून येवले आधी आणि येळ्ळूरकर नंतर. युनिकोडमध्ये ळ आहे U+0933 आणि व आहे U+0935, तेव्हा नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं की येळ्ळूरकर आधी येतो. यादी कशी लावली जातेय ते या दोन आडनावांवरून लगेच कळतं. हलगेकरांची सगळी यादी तपासत बसायला नको.

दुसरी: कऱ्हाडकर. यातला ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे U+0931 आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा ZWJ, U+200D. पडद्यावर दोन्ही सारखे. NFC नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत, त्यामुळे काउंटरवर टाइप केलेला कऱ्हाडकर स्कॅनिंगच्या टेबलमधल्या कऱ्हाडकराला सापडत नाही. दोन्ही तऱ्हांची एकेक ओळ ठेवली. शोधाने दोघांना आणलं तर पास.

लांबी तपासायला लक्ष्मी पुरते. कागदावर दोन अक्षरं, डेटाबेसला सात कोड पॉइंट, UTF-8 मध्ये २१ बाइट. पासबुकाच्या छपाईत नावाला ४० बाइटची मर्यादा आहे असं कळलं. लक्ष्मी यल्लाप्पा पूर्ण लिहायच्या आतच ती संपते, आडनावाला जागाच नाही. छपाईच्या मॉड्यूलवाल्यांकडे पाठवलं आहे.

७ जुलै

संच दिले. एक समतोल, हजार ओळी, दहा खान्यांत शंभर-शंभर. फॉर्म आणि छपाई तपासायला तो. दुसरा वजनी, दहा हजार ओळी, त्यात आडनावांच्या प्रकारांचा कोटा नाही, फक्त स्त्री-पुरुष निम्मे. वेग आणि शोध तपासायला तो. समतोल संचावर वेग मोजू नये असं वर ठळक लिहिलं, कारण त्यात "पाटील" शोधलं की थोडेच येतात. खऱ्या गावात तेच शोधलं की पानंच्या पानं येतात, आणि स्क्रीन तिथे अडकते.

समतोल संचाची खानेवार मोजणी प्रत्येक आयातीनंतर चालवायची:

```sql
SELECT sex, surname_type, count(*)
FROM member_test
GROUP BY sex, surname_type
ORDER BY 1, 2;
```

दहा ओळी आणि प्रत्येकीत १०० असायला हवं. आठच ओळी आल्या तर आयातीने एक प्रकार गिळलाय, बहुतेक पाचवा.

आधारचा रकाना रिकामाच ठेवला. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, तेव्हा १ ने सुरू होणारे आकडे घालावेत असं सुचवलं गेलं होतं, कोणाचा खरा क्रमांक चुकून येणार नाही म्हणून. पण फॉर्मची तपासणी ते नाकारते, आणि तपासणी ढिली करण्यापेक्षा रकाना रिकामा बरा. पुढारी आणि नटनट्या यांच्या पूर्ण नावांची एक वगळण्याची यादीही लावली. डेमोत आमदारांच्या नावावर थकीत कर्ज दिसलं की पुढची सगळी मीटिंग त्यावरच जाते.

राहिलेलं: मुल्ला, मुजावर, नदाफ आणि डिसोझा, फर्नांडिस या आडनावांना त्यांची पहिली आणि मधली नावं वेगळ्या याद्यांतून यावी लागतील, नाहीतर यल्लाप्पा डिसोझा निघतो. सध्या ही आडनावं संचात नाहीत, म्हणजे खानापूर आणि बेळगाव शहराच्या यादीला हा संच अजून अपुरा आहे. नाव-संच असा एक रकाना आडनावांच्या फाइलमध्ये वाढवायचा आणि पहिलं, मधलं, माहेरचं आणि वारसाचं नाव त्याच संचातून उचलायचं. पाटील, इनामदार, देसाई यांना एकापेक्षा जास्त संच लागतील. पुढच्या आठवड्यात काकांकडून याद्या तपासून घेतो.